शर्टाच्या आत एक गाठ, दोन गाठी

किकवीच्या वस्तीतला एक तरुण रोज सकाळी शिरवळला कामाला जातो. मागे एका हळदीला तो चॉकलेटी पँटवर गडद हिरवा शर्ट घालून गेला, दोन्ही एकाच रंगाचे समजून. पोरं हसली. तेव्हापासून तो रोज आईला विचारी, "आई, हा कुठल्या रंगाचा गं?" त्याच्या मामालाही असंच होतं. हा दोष बहुतेक वेळा आईकडून मुलाकडे येतो. आईला स्वतःला मात्र रंग नीट दिसतात.

आम्ही त्याच्या घरी बसून कपडे लावले. निळा आणि पिवळा त्याला चांगला कळतो, घोळ होतो लाल, हिरवा, तपकिरी यांत. म्हणून पँटी तीनच ठेवल्या: गडद निळी, करडी, खाकी. चॉकलेटी धाकट्या भावाला दिली.

मग आईने पांढऱ्या दोऱ्याने निळ्या पँटच्या कमरपट्टीला आतून एक गाठ मारली, करडीला दोन, खाकीला तीन. शर्टाच्या कॉलरच्या आत, जी पँट त्यावर चालते तिच्याइतक्या गाठी. पिवळ्याला एक, मरूनला दोन, गडद हिरव्याला तीन. पांढरा आणि आकाशी कशावरही जातो, म्हणून त्यांना गाठच नाही. गाठी जुळल्या की जोडी जमली. पहाटे दिवा नसला तरी बोटाला कळतं.

हँगरलाही तशाच दोऱ्याच्या गाठी बांधल्या. पण फक्त हँगरवर खूण ठेवून भागत नाही. आम्ही आधी तेच केलं होतं. धुणं वाळून आलं, शर्ट भलत्याच हँगरवर गेला आणि दुसऱ्याच आठवड्यात सगळं विस्कटलं. खूण कपड्यावरच हवी. मार्करची शाई धुण्यात फिकी पडते, दोरा टिकतो. मोजे सगळे काळेच घेतले, म्हणजे जोडी शोधायला नको.

नवा कपडा आला की घालण्याआधी गाठ मारायची. दिवाळीचा शर्ट तसाच राहिला नि पुन्हा विचारणं सुरू झालं. गाठ मारणाऱ्याने रंग दिवसाच्या उजेडात बघावा, बल्बखाली गडद निळा नि काळा आपल्यालाही सारखाच दिसतो.

जन्मापासूनच्या या दोषावर औषध नाही. रंगीत चष्म्याने काहींना फरक जरा उठून दिसतो, पण नजर बदलत नाही. डोळ्यांचे डॉक्टर ठिपक्यांतले आकडे वाचायला देऊन तपासतात. मात्र आधी नीट दिसणारे रंग नंतर फिके वाटू लागले, तर ते वेगळं दुखणं. विशेषतः टीबीच्या गोळ्यांत इथॅम्ब्युटॉल चालू असेल, तर लगेच डॉक्टरांना सांगा. गोळ्या मनाने बंद करू नका.

परवा तो आईला न विचारता निघाला. मरून शर्ट, करडी पँट.