मिळालेला व्हिसा नंतर रद्द का होतो? मेल आला तर आधी काय पाहायचं?

पासपोर्टवर व्हिसाचा स्टिकर लागला की घरात पेढे वाटले जातात. पण अमेरिकेचा व्हिसा दिल्यानंतरही तो कधीही रद्द करण्याचा अधिकार तिथल्या परराष्ट्र खात्याला आणि वकिलातीतल्या अधिकाऱ्याला कायद्याने आहे. ऑगस्ट 2025 मध्ये या खात्याने सांगितलं, की त्या वर्षात 6,000 हून अधिक विद्यार्थी व्हिसा रद्द झाले आणि त्यातले सुमारे 4,000 कायदा मोडल्याच्या कारणावरून होते.

नेहमीची कारणं कोणती?

दारू पिऊन गाडी चालवताना झालेली अटक हे सगळ्यात मोठं कारण. इथे गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही, अटकेची नोंदही पुरते. मारहाण, चोरी, मुदत संपल्यावर देशात राहणं, अर्जात खोटी माहिती देणं ही बाकीची कारणं. मे 2025 मध्ये भारतातल्या अमेरिकी दूतावासाने आणखी एक इशारा दिला: कॉलेजला न कळवता शिक्षण सोडलं किंवा वर्ग बुडवले, तर विद्यार्थी व्हिसा रद्द होऊ शकतो.

व्हिसा गेला म्हणजे लगेच देश सोडायचा का?

इथेच बहुतेकांचा घोळ होतो. व्हिसा ही दारातून आत जाण्याची परवानगी. आत गेल्यावर राहण्याचा हक्क, म्हणजे ‘स्टेटस’, वेगळा असतो. विद्यार्थ्यांच्या स्टेटसची नोंद सेव्हिस नावाच्या सरकारी प्रणालीत असते. व्हिसा रद्द झाला तरी ही नोंद चालू असू शकते. मात्र व्हिसा रद्द झाल्याच्या कारणावरून सरकार देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू करू शकतं, म्हणून निर्धास्तही राहता येत नाही.

उलटंही घडतं. 2025 च्या वसंतात 4,700 हून अधिक विद्यार्थ्यांच्या सेव्हिस नोंदी अचानक बंद केल्या गेल्या. मिशिगनमधल्या चार विद्यार्थ्यांनी 10 एप्रिलला कोर्टात धाव घेतली. त्यात एक भारतीय होता आणि त्याच्या नावावर फक्त वेगात गाडी चालवल्याचा आणि पार्किंगचा दंड होता. देशभरात असे खटले उभे राहिले आणि 25 एप्रिलला सरकारने नोंदी पुन्हा सुरू करत असल्याचं कोर्टात सांगितलं.

मेल आला तर काय करायचं?

समजा, परभणीच्या कृषी विद्यापीठातून पदवी घेतलेला एक मुलगा अमेरिकेत एमएस करतोय. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल त्याला एकदा अटक झाली आणि काही आठवड्यांनी व्हिसा रद्द झाल्याचा मेल आला.

आधी मेल खरा आहे का ते पाहायचं. तो व्हिसा अर्जात दिलेल्या ईमेलवर येतो. तो पत्ता एजंटचा असेल, तर मुलाला कळणारच नाही. पाठवणाऱ्याचा पत्ता `.gov` ने संपतो का, हे तपासायचं. फोनवर पैसे मागणारा ‘अधिकारी’ ठग समजायचा.

त्यानंतर त्याच दिवशी कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात जाऊन सेव्हिस नोंद चालू आहे की बंद, हे विचारायचं. चालू असेल, तर वर्ग चुकवायचे नाहीत आणि इमिग्रेशन वकील गाठायचा. बंद असेल, तर कारण लेखी घ्यायचं आणि वकिलाला त्याच दिवशी दाखवायचं, कारण इथे दिवस महत्त्वाचे असतात.

दिवाळीला घरी यायचं तिकीट असेल, तर थांबायचं. देशाबाहेर पडल्यावर त्या व्हिसावर परत जाता येत नाही. सुट्टीत परभणीत असतानाच मेल आला, तर विमान पकडण्यात अर्थ नाही, नवा व्हिसाच लागतो.

नवा व्हिसा मिळतो का?

रद्द झाल्याविरुद्ध वकिलातीत अपील करण्याची सोय नाही. नव्याने `DS-160` अर्ज भरायचा, पुन्हा फी भरायची आणि मुंबईच्या वकिलातीत मुलाखत द्यायची. कोर्टाच्या अंतिम निकालाची प्रमाणित प्रत सोबत हवी. दारूच्या प्रकरणात वकिलातीने नेमलेल्या डॉक्टरांकडून तपासणी करून घ्यावी लागू शकते.

अर्जात ‘तुमचा व्हिसा कधी रद्द झाला होता का’ असा थेट प्रश्न असतो. तिथे ‘हो’ लिहून खरं कारण द्यायचं. एजंट ‘नाही’ लिहायला सांगत असेल, तर ऐकायचं नाही. अटकेनंतरही व्हिसा पुन्हा मिळू शकतो, पण मुद्दाम खोटं लिहिल्याचं सापडलं, तर अमेरिकेचं दार कायमचं बंद होऊ शकतं.