तेल उडालं, पण नळाला गरम पाणी?

रियाध-दम्मामच्या उन्हाळ्यात गच्चीवरची टाकी तापते आणि 'थंड' नळालाही चटका देणारं पाणी येतं. भजी तळताना मनगटावर तेल उडालं, तर तो नळ सोडू नका. बाथरूमचा गीझर उन्हाळ्यात बंद असेल, तर त्यातलं पाणी घरातल्या हवेइतकंच गार असतं. आधी हात लावून बघा आणि तेच वापरा. नाहीतर पिण्याच्या पाण्याचा कॅन आहेच. बांगड्या, अंगठी लगेच काढा, कारण सूज चढते. धार सलग 20 मिनिटं. आग थांबली तरी आतली कातडी तापलेलीच असते. बर्फ नको, त्याने कातडी आणखी दुखावते. हळद, टूथपेस्टही नको. डॉक्टरांना जखमच दिसत नाही.

फोड आला तर फोडू नका, तीच निर्जंतुक पट्टी. वर न चिकटणारं गॉज सैल बांधा. आपोआप फुटला तर साबणपाण्याने हलकेच धुवा.

भाजलेला भाग आपल्या तळहाताहून मोठा, चेहऱ्यावर, हातावर किंवा सांध्यावर असेल, पांढरा पडून दुखतच नसेल, पू किंवा ताप आला असेल, तर दवाखाना गाठा. मधुमेही आणि लहान मुलांनी तर थांबूच नये. सल्ल्यासाठी आरोग्य मंत्रालयाचा 937, रुग्णवाहिकेसाठी 997.