सगळ्यांनी मिळून गप्प बसणे : क्वेकरांची उपासना

आज आपण अशा उपासनेबद्दल बोलणार आहोत जिच्यात पुरोहित नाही, मूर्ती नाही, भजन नाही, ठरलेली प्रार्थनाही नाही. एक साधी खोली, समोरासमोर किंवा गोलात मांडलेले बाक, आणि साधारण एक तास शांतता. तास संपला की जबाबदारी असलेली एखादी ज्येष्ठ व्यक्ती शेजाऱ्याशी हात मिळवते, मग सगळेच मिळवतात, आणि उपासना संपते. क्वेकर लोक हिला नुसते 'मीटिंग' म्हणतात. त्यांचे स्वतःचे नाव फ्रेंड्स, म्हणजे मित्र. 'क्वेकर', म्हणजे थरथरणारे, हे मुळात चेष्टेने दिलेले नाव. (जगातले सगळेच क्वेकर अशी मूक उपासना करत नाहीत, बऱ्याच ठिकाणी पाद्री आणि गाणीही असतात. आपण जुन्या, मूक पद्धतीपुरतेच बोलू.)

आता आपल्याला वाटेल, हे तर ध्यानच झाले. फरक इथेच आहे. ध्यान आपण एकटेही करू शकतो. मीटिंगमध्ये वीस माणसे वीस वेगळी ध्याने करत बसली, तर क्वेकरांच्या मते ती मीटिंग जमलीच नाही. सगळ्यांनी मिळून एकाच ठिकाणी वाट पाहायची असते.

ती कशी जमते, हे अलेक्झांडर पार्कर यांनी १६६० सालच्या एका पत्रात सांगितले आहे. मतितार्थ असा : जो पहिला येईल त्याने बसावे आणि मन आतल्या प्रकाशाकडे वळवावे, जणू खोलीत देवाशिवाय कोणी नाही. दुसरा येईल त्याने त्याच प्रकाशाकडे वळून बसावे. मग तिसरा. म्हणजे पहिला माणूस जागा धरत नाही, शांतता धरतो, आणि पुढचा त्यात येऊन मिळतो. उशिरा येणाऱ्याला मात्र हे सुरू करता येत नाही. त्याला सुरू असलेल्यात उतरावे लागते. म्हणून जाणती मंडळी पाच-दहा मिनिटे आधी येऊन बसतात.

पण मनाची तयारी शब्दांशिवाय करायची म्हणजे नेमके काय करायचे? समजा, आपण बसलो आणि समोरच्या बाकावर तोच गृहस्थ आहे ज्याच्याशी परवा आपले वाजले. मन लगेच वाक्ये जुळवू लागते : तो असे म्हणाला, मी तसे म्हणायला हवे होते. ही वाक्ये खोडून काढायला गेलो की नवी वाक्ये तयार होतात. 'मी त्याला क्षमा करतो' हेही शेवटी वाक्यच, आणि पुष्कळदा खोटे. त्यापेक्षा राग शरीरात कुठे आहे ते पाहायचे. छातीत आवळल्यासारखे, जबड्यात ताठ. त्याला नाव द्यायचे नाही, बाजू मांडायची नाही. तो राग आणि समोरचा चेहरा, दोन्ही एकत्र त्या प्रकाशात असू द्यायचे. क्वेकर याला माणसाला 'प्रकाशात धरणे' म्हणतात. मन भरकटणारच, कळले की परत यायचे, स्वतःला रागावत बसायचे नाही. राग त्या तासात जाईलच असे नाही. आपण बाजू मांडायचे थांबलो, की एवढ्यात तयारी झाली.

या शांततेत कोणीही उठून बोलू शकतो, आणि खरी अडचण तिथे आहे. घरून भाषण ठरवून यायचे नाही, आणि आज बोलणारच नाही असेही ठरवायचे नाही. काही सुचले तर थांबून विचारायचे : हे माझ्यासाठी आहे की सगळ्यांसाठी? आत्तासाठी की नंतरसाठी? बाजूला सारले तरी ते परत परत येते, छाती धडधडते, तेव्हा उठावे, थोडक्यात बोलावे आणि बसावे. ते बोलणे मुरायला पुढे काही मिनिटे शांतता हवी. एक बसतो न बसतो तोच दुसरा उत्तर द्यायला उठला, की समजावे, मीटिंगची चर्चासभा झाली. आणि तासभर कोणीच बोलले नाही, तर त्यात काही बिघडले असे कोणी मानत नाही.

१६८२ मध्ये ब्रिस्टलमध्ये मोठी माणसे तुरुंगात टाकली गेली, तेव्हा तिथल्या मुलांनी मीटिंग चालू ठेवल्या. पुरोहित लागत नव्हता, पुस्तक लागत नव्हते, म्हणून मुलांना ते जमले. आपल्याकडे सेवाग्रामला नई तालीमचे काम केलेल्या मार्जोरी साइक्स याच परंपरेतल्या.

आपल्यापैकी कोणी पहिल्यांदा जाणार असेल, तर एकच सांगणे : पहिली वीस मिनिटे नुसता गोंधळ असतो. घड्याळ पाहून उठू नका.