पत्ता सगळ्यात शेवटी

नोव्हेंबर २०१४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेन शहरात जी-२० देशांची शिखर परिषद भरणार होती. परिषद आठवड्यावर आली असताना, ७ तारखेला, तिथल्या इमिग्रेशन खात्यातून एक ईमेल गेली. तिच्यात येणाऱ्या ३१ नेत्यांची नावे, जन्मतारखा, पासपोर्ट क्रमांक आणि व्हिसाचे तपशील होते. बराक ओबामा, व्लादिमिर पुतिन, अँगेला मर्केल आणि भारताचे पंतप्रधान नरेंद्र मोदी हे सगळे त्या यादीत होते. ईमेल पोचली ती आशियाई फुटबॉल स्पर्धेच्या स्थानिक आयोजन समितीतल्या एका माणसाकडे. पाठवणाऱ्याने पत्त्याची पहिली अक्षरे टाइप केली, आउटलुकने पुढचे नाव आपोआप भरले आणि ते न वाचताच बटण दाबले गेले.

या घटनेत कोणी यंत्रणा फोडली नव्हती, पासवर्ड चोरला नव्हता. मजकूर बरोबर होता, माहितीही बरोबर होती. चुकली ती फक्त पाठवण्याआधीची शेवटची काही सेकंदे. ज्या माणसाकडे ती ईमेल गेली त्याने चूक कळवली आणि ती पुसून टाकली, म्हणून प्रकरण तिथे थांबले. प्रत्येक वेळी समोर असा भला माणूस असतोच असे नाही.

महत्त्वाची ईमेल लिहून झाली की बहुतेक जण ती एकदा वरून खाली वाचतात आणि पाठवतात. चुका सापडण्यासाठी ही पद्धत कमकुवत आहे. लिहिणाऱ्याचा डोळा पडद्यावरची अक्षरे वाचत नाही, मनात ठरवलेले वाक्य वाचतो. म्हणून तपासणी वेगळ्या क्रमाने करावी लागते: आधी जोडलेली फाइल, मग आकडे, मग दिलेला शब्द, मग सूर आणि अगदी शेवटी पत्ता. पत्त्याची चौकट तोवर रिकामीच ठेवायची. चौकट रिकामी असेल तर चुकून बटण दाबले तरी ईमेल जात नाही. आलेल्या ईमेलला उत्तर देताना मात्र पत्ता आधीच भरलेला असतो. अशा वेळी तो काढून टाकावा आणि शेवटी पुन्हा घालावा.

हा क्रम प्रत्यक्षात कसा चालतो, ते एका कल्पित पण रोजच्या व्यवहारातल्या उदाहरणावर पाहता येईल. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतली एक फौंड्री पुण्याच्या पंप कारखान्याला ५०० नग कास्टिंगचे कोटेशन पाठवते आहे. एका नगाचे वजन १८.५ किलो, दर किलोला ११८ रुपये. म्हणजे नगाला २,१८३ रुपये आणि एकूण १०,९१,५०० रुपये, जीएसटी वेगळा. ईमेलच्या मजकुरात हा आकडा आहे, सोबत कोटेशनची फाइल आहे आणि खाली महिनाभराचा पत्रव्यवहार लोंबतो आहे.

पहिली पायरी फाइलची. कॉम्प्युटरवरच्या फोल्डरमधली फाइल पाहून इथे भागत नाही. ईमेलला जोडलेली प्रतच क्लिक करून उघडायला हवी, कारण फोल्डरमध्ये ‘कोटेशन’, ‘कोटेशन फायनल’ आणि ‘कोटेशन फायनल २’ अशा तीन फाइली शेजारी शेजारी असतात. आपल्या उदाहरणात हीच गफलत झाली आहे. ग्राहकाने मधल्या काळात ड्रॉइंगमध्ये बदल केला आणि नगाचे वजन १९.२ किलो झाले. हिशेब नव्याने केला गेला, पण जोडली गेली ती जुनी फाइल. नव्या वजनाने नगाची किंमत २,२६५ रुपये ६० पैसे होते आणि ५०० नगांचे ११,३२,८०० रुपये. म्हणजे एका चुकीच्या फाइलने ४१,३०० रुपयांचा फरक पडला. ग्राहकाने त्या कोटेशनवर पीओ काढली, तर तो फरक सोसायचा की पहिल्याच ऑर्डरला वाद घालायचा, एवढेच फौंड्रीच्या हातात उरते.

फाइल बरोबर असली तरी तिच्यात काय दडलेले आहे, हा प्रश्न राहतोच. एक्सेलच्या तक्त्यात ओळी लपवता येतात, फिल्टर लावता येतो, अख्खे पान नजरेआड करता येते. लपवलेले म्हणजे काढून टाकलेले नव्हे, ते फाइलबरोबर जाते. ब्रिटनच्या संरक्षण खात्याने याची जबर किंमत मोजली. फेब्रुवारी २०२२ मध्ये तिथल्या एका माणसाने अफगाण अर्जदारांचा एक तक्ता सरकारी यंत्रणेबाहेर ईमेलने पाठवला. त्यात साधारण दीडशे नावे आहेत, अशी त्याची समजूत होती. प्रत्यक्षात तालिबानपासून आश्रय मागणाऱ्या सुमारे १८,७०० अर्जदारांची माहिती त्या तक्त्यात होती. ऑगस्ट २०२३ मध्ये तिचा काही भाग फेसबुकवर दिसला, तेव्हा हा प्रकार उघड झाला. न्यायालयाच्या आदेशामुळे जुलै २०२५ पर्यंत त्याची जाहीर वाच्यताही करता आली नाही.

फौंड्रीच्या तक्त्यात लपलेल्या पानावर काय असेल? भट्टीचा विजेचा खर्च, भंगाराचा खरेदी दर आणि स्वतःचा नफा. ग्राहकाच्या खरेदी विभागाला भाव पाडायला याहून चांगले हत्यार नको. उपाय सोपा आहे. बाहेर जाणारे कोटेशन पीडीएफ करून पाठवावे आणि ती पीडीएफही पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उघडून पाहावी. एक्सेलच पाठवणे भाग असेल, तर File, Info, Check for Issues, Inspect Document या वाटेने गेल्यास लपवलेल्या ओळी, स्तंभ आणि पाने सापडतात. खाली लोंबणाऱ्या पत्रव्यवहारालाही हाच नियम लागू होतो. ‘यांना ११५ पर्यंत उतरता येईल’ असे मालकाने मॅनेजरला लिहिलेले एखादे वाक्य त्यात तळाशी पडलेले असू शकते. महत्त्वाची ईमेल शक्यतो कोऱ्या पानावर सुरू करावी.

आता आकडे. बेरीज बरोबर आहे का, एवढ्यावर आकड्यांची तपासणी संपत नाही. एकच आकडा विषयाच्या ओळीत, मजकुरात आणि फाइलमध्ये येतो, त्या तिन्ही ठिकाणी तो सारखा आहे का, हे पाहावे लागते. त्याच्या शेजारचे शब्दही आकड्याइतकेच महत्त्वाचे असतात: दर किलोचा की नगाचा, जीएसटी धरून की सोडून, वाहतूक कोणाची. चेकवर अंकी आणि अक्षरी रकमेत फरक पडला तर अक्षरी रक्कम धरायची, असे परक्राम्य दस्तऐवज कायद्याचे कलम १८ सांगते. साध्या ईमेलसाठी असा आयता नियम नाही. तिथे दोन आकडे वेगळे निघाले की ग्राहक स्वाभाविकपणे कमी आकडा धरून बसतो. मोठी रक्कम अक्षरांतही लिहावी, ती दुसऱ्याला मोठ्याने वाचायला लावावी आणि आपण मूळ हिशेबाच्या कागदावर बोट ठेवून ऐकावे. एखादे शून्य कमी किंवा जास्त पडले असेल तर ते कानाला चटकन कळते.

तारखेची गोष्टही तशीच आहे. ०५/०६ म्हणजे आपल्याकडे ५ जून, अमेरिकेतल्या ग्राहकाला मात्र ६ मे. महिन्याचे नाव अक्षरांत लिहावे आणि जोडीला वारही घालावा. वार आणि तारीख जुळली नाही तर चूक पाठवण्याआधीच दिसते.

दिलेला शब्द तपासणे सगळ्यात अवघड, कारण तो पुष्कळदा सौजन्याच्या वाक्यात लपलेला असतो. ‘काळजी नसावी, महिनाअखेर माल पोचेल’ हे लिहिणाऱ्याला दिलासा वाटतो आणि वाचणाऱ्याला करार. कायदाही अशा वाक्यांना हलके मानत नाही. ट्रायमेक्स आणि वेदांत अ‍ॅल्युमिनियम या कंपन्यांमध्ये ऑक्टोबर २००७ मध्ये बॉक्साइटच्या पाच जहाजांचा व्यवहार ईमेलवरून ठरला. सविस्तर करारावर सह्या व्हायच्या होत्या. पुढे वाद झाला आणि अजून करार झालेलाच नाही, असे वेदांतने म्हटले. जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अमान्य केले. ईमेलमधून प्रस्ताव आणि होकार स्पष्ट झाला होता, तेवढ्याने करार पूर्ण झाला, असे न्यायालयाने सांगितले. केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार निरर्थक ठरत नाही, हे माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम १०-अ मध्येही लिहिलेले आहे.

म्हणून ईमेलमधली भविष्यकाळाची सगळी क्रियापदे एकदा शोधावीत: देऊ, करू, पाठवू, पोचेल, बदलून मिळेल. प्रत्येकाला तीन प्रश्न विचारावेत. हे काम कोण करणार, कधी करणार आणि त्या माणसाला हे माहीत आहे का? फौंड्रीच्या ईमेलमध्ये ‘महिनाअखेर माल पोचेल’ असे असेल, तर आधी पॅटर्न शॉपला फोन करायला हवा. पॅटर्नलाच तीन आठवडे लागणार असतील, तर वाक्य बदलून असे करावे: ‘पीओ आणि पॅटर्नची आगाऊ रक्कम मिळाल्यापासून सहा आठवड्यांत पहिले पाच नमुने शिरोलीहून निघतील.’ इथे कशापासून मोजायचे, किती नग आणि निघणार की पोचणार, तिन्ही ठरले. दर किती दिवस टिकेल, तेही याच परिच्छेदात सांगावे. पिग आयर्न आणि भंगाराचे भाव हलते असताना मुदत न घातलेले कोटेशन फौंड्रीला गोत्यात आणू शकते.

सुराबद्दल थोडक्यात. रागावून लिहिलेल्या ईमेलमधला मुद्दा बहुधा खरा असतो, तो काढू नये. दुसऱ्याच्या हेतूबद्दल केलेली विधाने तेवढी काढावीत. ‘तुम्ही ड्रॉइंग पाठवलेच नाहीत आणि आता घाई करता’ याऐवजी ‘सुधारित ड्रॉइंग आम्हाला १२ तारखेला मिळाले, त्यामुळे नमुन्यांची तारीख आठवडाभर पुढे जाईल’ असे लिहिले तर तक्रार पूर्ण पोचते. ईमेल ग्राहकाच्या वरिष्ठापर्यंत गेली, तरी लिहिणाऱ्याची बाजू भक्कम राहते.

आणि आता पत्ता. नाव टाइप करून यादीतून निवडले, तरी @ या चिन्हानंतरची अक्षरे वाचावीत. एकाच नावाची दोन माणसे दोन स्पर्धक कंपन्यांत असणे ही मराठी मुलखात नवलाची गोष्ट नाही. एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेकांना ईमेल जात असेल, तर पत्ते Bcc मध्येच हवेत. लंडनच्या ५६ डीन स्ट्रीट या क्लिनिकने २०१५ मध्ये ७८१ जणांना एक वार्तापत्र पाठवताना सगळे पत्ते To मध्ये घातले. यादीत एचआयव्हीवर उपचार घेणारे लोक होते, आणि ७३० पत्त्यांतून पूर्ण नाव उघड होत होते. पुढच्या वर्षी क्लिनिक चालवणाऱ्या संस्थेला १,८०,००० पौंडांचा दंड झाला.

पाठवल्यानंतर हातात फार थोडे उरते. आउटलुकमधली ईमेल परत बोलावण्याची सोय साधारणपणे आपल्याच संस्थेतल्या खात्यांपुरती चालते, बाहेरच्या ग्राहकाकडून ती ईमेल परत येत नाही. जीमेलमध्ये Undo Send ची मुदत मुळात पाच सेकंदांची असते. सेटिंग्जमध्ये जाऊन ती ३० सेकंदांपर्यंत वाढवता येते, आणि ती आजच वाढवून ठेवावी.