पंप पेटीचा फोटो वाचताना: एमसीबी, फ्यूज आणि कॉन्टॅक्टर कसे ओळखाल?

पंप बंद पडला की शेतकरी पेटीचा फोटो काढून कृषी सहायकाला किंवा वायरमनला पाठवतात. सोबत एक वाक्य असते, ‘एमसीबी सारखी पडते, मोठी बसवू का?’ फोटो नीट पाहिला तर पुष्कळदा पडलेली वस्तू एमसीबी नसतेच. पेटीत तीन वेगवेगळी कामे करणारी तीन उपकरणे असतात. त्यांतले कोणते थांबले हे न ओळखता बदल केला, तर मोटरचे वाइंडिंग जळण्याचा धोका राहतो.

आधी फोटोबद्दल. पेटीचे दार उघडून हातभर अंतरावरून, कोरड्या जागी उभे राहून फोटो काढा. आतल्या कशालाही बोट लावू नका. मेन स्विच बंद केला तरी त्याच्या वरच्या बाजूच्या वायरींत वीज असतेच. आतले झाकण स्क्रूने बसवलेले असेल तर ते वायरमनलाच काढू द्या. एक फोटो पूर्ण पेटीचा घ्या आणि दुसरा जवळून, थोडा तिरपा, म्हणजे फ्लॅशची चमक अक्षरांवर येणार नाही. ओळख पटवायला रंग किंवा कंपनीचे नाव कामाचे नाही. खटका आहे का, वायरी कुठे लागल्या आहेत आणि अंगावर काय छापले आहे, एवढेच पाहायचे.

एमसीबी म्हणजे सर्किट ब्रेकर. तीन फेजच्या पंपाला तीन चपटे भाग शेजारी शेजारी चिकटलेले दिसतात आणि तिघांचे खटके एका पट्टीने जोडलेले असतात. अंगावर C16 किंवा C20 असे अक्षर व आकडा छापलेला असतो. आकडा अँपिअरचा. अक्षर सांगते की मोटर सुरू होतानाचा क्षणभराचा मोठा प्रवाह ती किती सहन करेल. खटका वर असेल तर सहसा चालू. खाली किंवा मध्येच अडकलेला असेल तर ती पडली आहे. ती हाताने पुन्हा वर करता येते. इथे एक फसगत होते. खटका असलेली प्रत्येक वस्तू एमसीबी नसते. आकड्याआधी B, C किंवा D यांपैकी अक्षर नसेल, तर तो नुसता आयसोलेटर, म्हणजे हाताने बंद-चालू करायचा स्विच असू शकतो. तो आपोआप पडत नाही. ‘टेस्ट’ बटण असेल तर ते सहसा माणसाला विजेच्या धक्क्यापासून वाचवणारे उपकरण असते.

फ्यूज ओळखणे सर्वांत सोपे. शेतात बहुतेक ठिकाणी पांढऱ्या चिनी मातीचा किटकॅट असतो. त्याला खटका नसतो. वरची ग्रिप ओढून काढता येते आणि आत बारीक तार असते. तार वितळली की फ्यूज गेला. तो पुन्हा ‘वर करता’ येत नाही, तार बदलावी लागते. फोटोत ग्रिपच्या कडेला काळपट डाग, पिवळसर झालेली चिनी माती किंवा जाड तांब्याची वळवलेली वायर दिसली तर तेथेच थांबून पाहा. जाड वायर घातलेला फ्यूज वेळेवर वितळणार नाही, म्हणजे तो फ्यूज राहिलेलाच नाही.

कॉन्टॅक्टर म्हणजे स्टार्टरमधला चुंबकाने ओढला जाणारा स्विच. गावात त्याला ‘स्टार्टरची कॉइल’ म्हणतात, पण कॉइल हा त्याचा एक भाग आहे. हा चौकोनी ठोकळा असतो, त्यावर हाताने चालवायचा खटका नसतो. वर तीन जाड वायरी येतात, खालून तीन निघतात, आणि याशिवाय दोन बारीक वायरी A1 आणि A2 असे छापलेल्या स्क्रूंना जातात. A1 आणि A2 दिसले की तो कॉन्टॅक्टर किंवा एखादा रिले आहे, एमसीबी नाही. हिरवे बटण दाबले की कॉइल चुंबक होते, आतला भाग ओढला जातो आणि मोटरला वीज मिळते. वीज गेली की तो सुटतो. जास्त प्रवाह त्याला स्वतःला कळत नाही. ते ओळखते त्याच्या खाली जोडलेली छोटी पेटी, म्हणजे ओव्हरलोड रिले. तिच्यावर अँपिअरचे आकडे असलेली गोल चकती आणि रिसेटचे बटण असते. ती कॉन्टॅक्टरच्या कॉइलची वीज तोडते.

आता एक उदाहरण घेऊ. पाच एचपीची तीन फेज मोटर आहे. नेमप्लेटवर ७.५ अँपिअर लिहिले आहे. तक्रार अशी की पंप वीसेक मिनिटे चालतो, बंद पडतो, थोड्या वेळाने रिसेट दाबून पुन्हा सुरू होतो. फोटोत C16 ची एमसीबी आहे आणि तिचा खटका वर आहे. म्हणजे ती पडलेली नाही. पडली असती तर खटका उचलल्याशिवाय पंप सुरू झाला नसता. खाली A1, A2 असलेला कॉन्टॅक्टर, त्याखाली रिले, चकती ७.५ वर. थंड झाल्यावर पुन्हा चालू होणे हे रिलेचे लक्षण आहे, कारण तो आतल्या पट्टीच्या उष्णतेवर काम करतो. चकती बरोबर लावलेली असूनही रिले सुटतो, म्हणजे मोटर खरोखरच जास्त प्रवाह घेत आहे. फोटोच्या वरच्या भागात तीन किटकॅटपैकी एकाची ग्रिप काळी पडली आहे. संशय तेथे. ढिल्या ग्रिपमुळे त्या फेजला दाब कमी मिळतो आणि उरलेल्या दोन फेजना जास्त भार उचलावा लागतो.

या शेतकऱ्याने मोठी एमसीबी बसवली तर काहीच बदलणार नाही, कारण ती पडतच नव्हती. चकती फिरवून १० वर नेली तर मात्र पंप चालू राहील आणि वाइंडिंग तापत राहील. एक फेज पूर्ण गेला तर उरलेल्या दोन फेजवर मोटर साधारण पावणेदोन पट, म्हणजे १३ अँपिअरच्या आसपास प्रवाह घेते. १६ अँपिअरच्या एमसीबीला तो जास्त वाटतच नाही. मोटर वाचवणारी वस्तू रिले आहे. एमसीबी शॉर्टसर्किट आणि वायरी सांभाळते. कॉन्टॅक्टर आपोआप सुटेल या भरवशावरही राहू नका. कॉइलला ४१५ व्होल्ट दोन फेजमधून दिलेले असतील आणि गेलेला फेज तिसरा असेल, तर कॉन्टॅक्टर ओढलेलाच राहतो. म्हणून सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा लावतात. काही ठिकाणी स्टार्टर सुटू नये म्हणून बटणात काडी खोचतात किंवा दोरीने बांधतात. फोटोत तसे दिसले तर आधी ते काढायला सांगा.

वरच्या उदाहरणात पुढचे काम वायरमनचे आहे. पुरवठा बंद करून ग्रिप घट्ट करणे किंवा बदलणे, आणि नंतर क्लँप मीटरने तिन्ही फेजचा प्रवाह मोजणे. ग्रिप बदलूनही तिन्ही आकडे ७.५ च्या वर आले, तर कारण पंपात किंवा पुरवठ्याच्या दाबात शोधावे लागेल. फोटोतून प्रवाह कळत नाही, आणि कॉन्टॅक्टरच्या आत जळालेले कॉन्टॅक्ट पॉइंटही दिसत नाहीत. फोटो पाठवताना मोटरच्या नेमप्लेटचा एक फोटो जोडा आणि पंप पुन्हा सुरू करायला नेमके काय केले ते लिहा: खटका उचलला, तार बदलली, की नुसते बटण दाबले.