एक टक्का कमी झाला, पण कशाचा?

सहकारी बँकेची वार्षिक सर्वसाधारण सभा आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत घ्यावी लागते. त्यामुळे सप्टेंबर उजाडला की सभासदांकडे वार्षिक अहवाल येऊ लागतात. बहुतेक जण अध्यक्षांचे मनोगत चाळतात, लाभांश किती ते पाहतात आणि अहवाल रद्दीच्या गठ्ठ्यावर ठेवतात. मनोगतात टक्केवारी सढळ हाताने वापरलेली असते आणि ती सहसा खोटी नसते. पण ती कशाची टक्केवारी आहे हे वाचणाऱ्याने गृहीत धरायचे असते, आणि गफलत नेमकी तिथे होते.

उदाहरणासाठी एक काल्पनिक नागरी सहकारी बँक घेऊ. मागील साली तिची एकूण कर्जे २०० कोटी रुपये होती, अहवाल साली ती २५० कोटी झाली. ढोबळ एनपीए, म्हणजे नव्वद दिवसांहून अधिक काळ हप्ता किंवा व्याज थकलेली कर्जे, १६ कोटींवरून १७.५० कोटींवर गेली. मनोगतात वाक्य असे आहे: 'संचालक मंडळाने राबवलेल्या वसुली मोहिमेमुळे ढोबळ एनपीएमध्ये १ टक्का घट झाली.' आता हे वाक्य तपासू.

गैरसमज: ८ टक्क्यांचे ७ टक्के झाले, म्हणजे १ टक्का घट

सोळा भागिले दोनशे म्हणजे ८ टक्के. साडेसतरा भागिले अडीचशे म्हणजे ७ टक्के. दोन टक्केवारींमधला हा फरक १ टक्केबिंदूचा आहे. टक्क्यांत मोजलेली घट काढायची तर हा फरक जुन्या आकड्याशी ताडून पाहावा लागतो. आठातला एक गेला, म्हणजे घट साडेबारा टक्के.

दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. त्यामुळे ज्याला जो सोयीचा तो आकडा तो उचलतो. वाईट बातमी असेल तेव्हा टक्केबिंदूंचा छोटा आकडा येतो आणि चांगली असेल तेव्हा टक्क्यांचा मोठा. एकाच अहवालात एका पानावर 'एनपीए साडेबारा टक्क्यांनी कमी' आणि पुढच्या पानावर 'नफ्याच्या प्रमाणात केवळ १ टक्का घट' असे दिसले, तर मोजपट्टी मध्येच बदलली आहे का हे आधी पाहावे.

याचे सर्वांच्या परिचयाचे उदाहरण रेपो दराचे. ४ मे २०२२ रोजी रिझर्व्ह बँकेने हा दर ४ टक्क्यांवरून ४.४० टक्क्यांवर नेला. बातम्यांत 'दरात ०.४० टक्के वाढ' असे आले, ते खरे तर ०.४० टक्केबिंदू होते. जुन्या दराच्या तुलनेत वाढ १० टक्क्यांची होती. फेब्रुवारी २०२३ पर्यंत दर ६.५० टक्क्यांवर पोहोचला, म्हणजे एकूण वाढ अडीच टक्केबिंदूंची आणि टक्क्यांत साडेबासष्ट. बँकिंगमधली मंडळी म्हणून 'बेसिस पॉइंट' वापरतात. शंभर बेसिस पॉइंट म्हणजे एक टक्केबिंदू, त्यात दुसरा अर्थ निघायला जागाच राहत नाही. अहवालाच्या भाषेत याला साधा उपाय आहे. 'टक्क्यांनी घट' असे न लिहिता '८ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर' असे लिहावे. हे लिहायला जड नाही, तरी फार थोड्या अहवालांत ते सापडते.

आणखी एक बारकावा. छापलेले ८ आणि ७ हे पूर्णांकात आणलेले आकडे असू शकतात. ७.६ चे ८ होतात आणि ७.४ चे ७. मग छापील फरक एका टक्केबिंदूचा दिसतो, प्रत्यक्षातला ०.२ चा असतो. म्हणून प्रमाण स्वतः काढावे. मूळ रकमा ताळेबंदात आणि त्याच्या टिपांत असतात.

गैरसमज: टक्केवारी उतरली म्हणजे थकबाकी उतरली

मला हा गैरसमज पहिल्यापेक्षा अधिक महत्त्वाचा वाटतो, कारण टक्का आणि टक्केबिंदू यांचा घोळ सुटला तरी हा तसाच राहतो.

आपल्या बँकेत थकलेली कर्जे दीड कोटीने वाढली आहेत. १६ कोटींवर दीड कोटी म्हणजे ९ टक्क्यांहून थोडी अधिक वाढ. तरीही प्रमाण घसरले, कारण छेदातली कर्जे २५ टक्क्यांनी वाढली. अंश हळू वाढला आणि छेद वेगाने वाढला की अपूर्णांक लहान होतो. कर्जे २०० कोटींवरच थांबली असती, तर तेच साडेसतरा कोटी ८.७५ टक्के दिसले असते.

छेद फुगण्यात एक वेळेचा खेळही असतो. जानेवारीत दिलेल्या कर्जाचा पहिला हप्ता जानेवारीअखेर येतो. तो थकला तरी ३१ मार्चपर्यंत नव्वद दिवस पूर्ण होत नाहीत. म्हणजे वर्षाच्या शेवटच्या तिमाहीत वाटलेले नवे कर्ज त्या ताळेबंदात एनपीए म्हणून जवळजवळ दिसूच शकत नाही, पण छेदात मात्र पूर्ण रकमेने मोजले जाते. यात गैर काही असेलच असे नाही, अनेक बँकांत मार्चला कर्जवाटप वाढतेच. फक्त प्रमाणाची सुधारणा वसुलीची आहे की वाटपाची, हे यातून विचारता येते.

त्याचे उत्तर अहवालाच्या मागच्या भागात, हिशेबावरील टिपांत असते. रिझर्व्ह बँकेने ठरवून दिलेल्या नमुन्यात एनपीएची वर्षभरातली हालचाल द्यावी लागते: सुरुवातीची शिल्लक, वर्षात पडलेली भर, वर्षात झालेली घट आणि अखेरची शिल्लक. घटीचे पुन्हा तुकडे असतात. प्रत्यक्ष वसुली किती, थकीत हप्ते भरून खाते पुन्हा नियमित झाल्याने किती आणि कर्ज निर्लेखित केल्याने किती.

आपल्या काल्पनिक बँकेत ही नोंद अशी आहे असे समजू. सुरुवातीला १६ कोटी, वर्षात नवी भर ५ कोटी, वसुली १ कोटी, नियमित झालेली खाती ५० लाख आणि निर्लेखित २ कोटी. सोळा अधिक पाच म्हणजे एकवीस, त्यातून साडेतीन वजा केले की साडेसतरा. बेरीज जुळली. हे करून पाहणे गरजेचे आहे, कारण इथे बेरीज जुळली नाही तर पुढचे प्रश्न विचारण्यात अर्थ नाही.

आता मनोगतातली 'वसुली मोहीम' पाहा. सुरुवातीच्या १६ कोटींपैकी सव्वासहा टक्के रक्कम वसूल झाली आणि त्याच वर्षी ५ कोटी नव्याने थकले. निर्लेखन म्हणजे कर्ज पुस्तकातून काढणे. कर्जदाराचे देणे त्याने संपत नाही, वसुलीचा हक्कही राहतो, पण ती रक्कम एनपीए आणि एकूण कर्जे या दोन्हींतून जाते. ते २ कोटी परत मिळवून बघा: एनपीए १९.५० कोटी, कर्जे २५२ कोटी, प्रमाण ७.७ टक्के. म्हणजे ज्या एका टक्केबिंदूचे श्रेय मोहिमेला दिले आहे, त्यातला सुमारे पाऊण भाग एका जमाखर्ची नोंदीने आला. उरलेला पाव टक्केबिंदू कर्जवाढीपुढे मोहिमेच्या वाट्याला कितपत येतो, हे सभासदाने ठरवावे.

निव्वळ एनपीए 'शून्य' असल्याची जाहिरातही याच चष्म्यातून वाचावी. ढोबळ एनपीएतून त्यासाठी केलेली तरतूद वजा केली की निव्वळ एनपीए मिळतो. नफ्यातून पुरेशी रक्कम बाजूला काढली की तो शून्य होतो. ही सावधगिरी चांगलीच आहे, पण एकाही कर्जदाराने एक रुपया भरलेला नसतानाही ती करता येते.

गैरसमज: नफा तिप्पट झाला म्हणजे ३०० टक्के वाढ, आणि वाढ घटीपेक्षा मोठी म्हणजे नुकसान भरून निघाले

४० लाखांचा नफा १ कोटी २० लाख झाला, तर तो तिप्पट झाला. वाढ मात्र २०० टक्के. नवा आकडा जुन्याने भागायचा आणि त्यातून एक वजा करायचा. हा एक वजा करायचा राहून गेला की ३०० टक्के छापले जातात.

मोठी चलाखी मात्र पायाच्या वर्षात असते. आपल्या बँकेचा त्याआधीच्या साली नफा २ कोटी होता असे समजा. तो ४० लाखांवर आला, म्हणजे ८० टक्के घट. मग २०० टक्के वाढ. वाचणारा मनात दोनशेतून ऐंशी वजा करतो आणि बँक पुढे गेली असे मानतो. पण दोन कोटींच्या तुलनेत १.२० कोटी अजून ४० टक्क्यांनी कमी आहेत. घट मोठ्या आकड्यावर मोजली होती आणि वाढ लहान आकड्यावर, म्हणून या दोन टक्केवारींची बेरीज-वजाबाकी होत नाही.

देशाच्या आकड्यांतही हे घडले आहे. २०२१-२२ च्या पहिल्या तिमाहीत जीडीपी २०.१ टक्के वाढल्याचे ३१ ऑगस्ट २०२१ ला जाहीर झाले. रकमा होत्या २६.९५ लाख कोटींवरून ३२.३८ लाख कोटी. आदल्या वर्षी टाळेबंदीच्या तिमाहीत मात्र २४.४ टक्के घट झाली होती. त्याहून एक वर्ष मागे, २०१९ मध्ये, हाच आकडा ३५.६६ लाख कोटींच्या घरात होता. वीस टक्क्यांच्या वाढीनंतरही आपण दोन वर्षांपूर्वीपेक्षा सुमारे ९ टक्के खाली होतो. म्हणून अहवालात निदान तीन वर्षांचे आकडे शोधावेत, बहुतेक सहकारी बँका प्रगतीचा तक्ता देतातच.

पायाचे वर्ष तोट्याचे असेल तर टक्केवारी काढूच नये. ५० लाखांचा तोटा जाऊन २५ लाख नफा झाला, तर सूत्रात घातल्यावर उणे दीडशे टक्के येतात, म्हणजे सुधारणेला घट म्हटल्यासारखे होते. तिथे रुपयांतच बोलावे.

शेअर घेतलेल्यांसाठी एक नियम

कंपनीच्या अहवालात हाच फरक कायद्याने महत्त्वाचा केला आहे. २०२१ च्या दुरुस्तीपासून कंपनी कायद्याच्या तिसऱ्या परिशिष्टानुसार, चालू प्रमाण, कर्ज-भांडवल प्रमाण, निव्वळ नफ्याचे प्रमाण यांसारख्या ठरावीक गुणोत्तरांत आदल्या वर्षाच्या तुलनेत २५ टक्क्यांहून अधिक बदल झाला, तर त्याचे कारण लिहावे लागते. हे २५ टक्के गुणोत्तरातल्या बदलाचे आहेत, टक्केबिंदूंचे नाहीत. निव्वळ नफ्याचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ८ टक्क्यांवर आले, तर 'चारच टक्क्यांचा फरक' म्हणून सोडता येत नाही. बारातले चार म्हणजे ३३ टक्के, खुलासा बंधनकारक. त्या तक्त्यात बदलाचा रकाना असतो आणि शेजारी कारणाचा. बदलाच्या रकान्यात -४ टक्के लिहून कारणाचा रकाना मोकळा ठेवलेला दिसला, तर ती चूक लेखापरीक्षकाच्याही नजरेतून सुटली आहे असे समजावे.