पहिल्याच झुरक्यात गरगरतं का?

झुरका घेतल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटिन मेंदूत पोहोचतं. एका सिगारेटमधून साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन रक्तात जातं. नवख्या शरीराला तेवढंही जड जातं. मेंदूच्या तळाशी उलटीचा इशारा देणारं एक केंद्र असतं. रक्तातलं विष लगेच ओळखता यावं म्हणून तिथे मेंदूची नेहमीची संरक्षक भिंत सैल असते. निकोटिन नेमकं तेच चेतवतं, आणि मळमळ सुरू होते. त्याच वेळी ॲड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, त्वचेच्या रक्तवाहिन्या आकसून चेहरा पांढराफटक पडतो, घाम फुटतो. ही सौम्य विषबाधाच आहे.

व्हेपमध्ये धोका अधिक फसवा. निकोटिन सॉल्टमुळे घसा फारसा खवखवत नाही, त्यामुळे थांबायची सूचना मिळण्याआधीच बरेच झुरके होतात.

लगेच थांबून मोकळ्या हवेत बसलं, की त्रास बहुधा तासाभरात ओसरतो. मात्र उलट्या थांबत नसतील, स्नायू फडफडत असतील, श्वास अडत असेल किंवा गुंगी येत असेल, तर ताबडतोब रुग्णालय गाठा. पुढच्या वेळी गरगरलं नाही, तर ते मेंदू निकोटिनला सरावू लागल्याचं लक्षण असतं.